डाय सोडण्याआधी बी१२ तपासून घे

"नमस्कार डॉक्टर, मी २७ वर्षांची, डिचोलीची. २४ व्या वर्षी कानशिलाजवळ दहा-बारा पांढरे केस दिसले म्हणून डाय चालू केला. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी एकदा केला तरी चालायचं, आता वीस दिवसांत मुळं पांढरी दिसतात. आई म्हणते तू डाय लावून लावूनच केस पिकवून घेतलेस. पार्लरवाली म्हणते अमोनिया नसलेला लाव. बाबांचे केस तिशीत पिकले होते. घरात आम्ही शिवराक, मासे-मटण काही नाही, आणि पीसीओडीसाठी मी तीन वर्षं मेटफॉर्मिन घेतेय. डाय पूर्ण बंद केला तर केस परत काळे होतील का?"
– एक वाचक, डिचोली

अगं, डाय बंद केलास तर केस काळे होणार नाहीत आणि चालू ठेवलास म्हणून जास्त पांढरेही होणार नाहीत. तुझ्या पत्रात मला डायपेक्षा शेवटी लिहिलेल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटल्या, शिवराक आणि तीन वर्षं मेटफॉर्मिन, त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. पण आधी डायचं बोलूया, कारण आईला पटेल असं उत्तर तुझ्याकडे पाहिजे.

केसाचा रंग तयार होतो तो डोक्याच्या कातडीच्या आत, साधारण तीन-चार मिलिमीटर खाली, जिथे केसाचं मूळ असतं. तिथे रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन बनवतात आणि वाढणाऱ्या केसात भरतात. केस कातडीच्या बाहेर आला की तो मेलेला असतो, त्यात एकही जिवंत पेशी नसते. डाय काम करतो तो या बाहेरच्या मेलेल्या भागावर. अमोनिया केसाचं वरचं आवरण फुगवून उघडतो, पेरॉक्साइड तुझा मूळचा काळा रंग थोडा उडवतो आणि डायमधला रंग केसाच्या आत पक्का करतो, बस एवढंच. नखाला नेलपॉलिश लावली म्हणून पुढचं नख वेगळ्या रंगाचं उगवत नाही, तसंच हे. अमोनिया-फ्री डायमध्ये अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली असतो, वास कमी येतो, केस कदाचित थोडे कमी रखरखीत होतात, पण पांढऱ्या केसांच्या संख्येशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे पार्लरवालीचा सल्ला केसाच्या पोतासाठी ठीक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही.

मग हा समज इतका पक्का का बसलाय? एक कारण असं की २००९ मध्ये एक संशोधन आलं, त्यात दिसलं की पिकलेल्या केसांच्या मुळात हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेलं असतं, आणि ते निपटून काढणारं कॅटलेज नावाचं एन्झाइम तिथे कमी पडलेलं असतं. डायच्या डेव्हलपरमध्येही पेरॉक्साइडच असतं, त्यामुळे लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. पण मुळात साठतं ते पेरॉक्साइड शरीर स्वतःच बनवतं, आपल्या प्रत्येक पेशीत ते थोडं थोडं बनत असतं, वय वाढलं की ते साफ करायची ताकद कमी होते. बाटलीतलं पेरॉक्साइड अर्धा तास केसावर राहून धुतलं जातं, ते मुळापर्यंत जाऊन रंगाच्या पेशी मारतं असं माणसांत कुठे दिसलेलं नाही. आणि आपल्या आजूबाजूला बघ ना, केस पिकायला सुरुवात होते ती कानशिलं नाहीतर कपाळाच्या कडेपासून, मग माणसाने आयुष्यात कधी डायला हात लावलेला असो किंवा नसो. डायमुळे होत असतं तर ज्या मुली फक्त दोन बटा कलर करतात त्यांच्या त्याच दोन बटा आधी पिकल्या असत्या. तसं होत नाही. तुझ्या बाबांनी तिशीच्या आधी डाय लावला होता का ते विचार आईला.

दुसरं कारण तुझ्या स्वतःच्या अनुभवातलं आहे आणि ते खोटं नाही, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वीस दिवसांत सहा-सात मिलिमीटर. तीन वर्षांपूर्वीही तो इतकाच वाढत होता. पण तेव्हा डोक्यावरच्या लाखभर केसांत दहा-बारा पांढरे होते, त्यांची मुळं तीन सेंटिमीटर उघडी पडली तरी कोणाच्या लक्षात येत नव्हती. आता समजा दोनशे झालेत आणि तेही कानशिलाजवळ एकत्र, तर सात मिलिमीटरसुद्धा ठळक दिसणारच. त्यात तू जेट ब्लॅक लावत असशील तर कोळशासारख्या काळ्याच्या शेजारी पांढरं मूळ आणखीच उठून दिसतं. आणि डायने तुझे मूळचे काळे केसही थोडे फिके केलेले असतात, धुऊन धुऊन रंग उतरला की ते तांबूस दिसायला लागतात आणि मग सगळं डोकंच खराब झाल्यासारखं वाटतं. शिवाय चोविसाव्या वर्षी डाय चालू केल्यावर खरे किती पांढरे आहेत हे तू परत कधी बघितलंच नाहीस, मधली तीन वर्षं झाकलेली गेली. त्या तीन वर्षांत केस आपल्या गतीने पिकत होते, डाय न लावता बसली असतीस तरी पिकलेच असते. शेड एक पायरी खाली आणून नॅचरल ब्लॅक नाहीतर डार्क ब्राऊन कर, आणि दर वेळी फक्त मुळांना लाव, सगळ्या लांबीला ओढू नको, एवढ्यानेच वीस दिवसांचे तीस-पस्तीस होतील.

डाय खरंच दोषी असतो अशी एक परिस्थिती आहे आणि ती आईला मुद्दाम सांग, म्हणजे तिची काळजी अगदी वाऱ्यावर सोडल्यासारखं होणार नाही. डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, बाजारात काळी मेंदी म्हणून जी पाकिटं मिळतात त्यातही बहुतेक वेळा तेच असतं, पाकिटावर हिरवी पानं छापलेली असली तरी. काही जणांच्या कातडीला ते चालत नाही. डाय लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज, कानामागे पाणी सुटणं, पापण्या सुजणं असं झालं तर ती अ‍ॅलर्जी, पुन्हा लावायचा नाही, पुढच्या वेळी त्याहून जोरात येते. आणि क्वचित कोणाकोणाला कपाळाच्या रेषेवर किंवा भांगात कातडीचाच रंग जातो, खडूसारखा पांढरा डाग पडतो, त्या डागातून उगवणारे केसही पांढरे येऊ शकतात. ही गोष्ट आपल्याकडे स्किनच्या ओपीडीत अधूनमधून बघायला मिळते. पण यात कातडी पांढरी झालेली असते, ही त्याची खूण. नुसते केस पांढरे आणि खालची कातडी नेहमीसारखी असेल, जसं तुझ्या पत्रावरून वाटतंय, तर तो हा प्रकार नाही. तरी भांग पाडून आरशासमोर उजेडात एकदा नीट बघून घे.

आता मूळ मुद्दा.

आपल्याकडे पंचविशीच्या आधी केस पिकायला लागले तर त्याला अकाली पिकणं म्हणतात आणि तुझं चोविसाव्या वर्षी सुरू झालं. सगळ्यात मोठं कारण घराणं. बाबांचे तिशीत पिकले म्हणजे तुझ्या केसांच्या मुळात रंग बनणं लवकर थांबायचं गणित थोडंफार आलेलंच आहे, त्याला कोणी काही करू शकत नाही, मी तुला खोटी आशा देणार नाही. पण घराण्याच्या वर आणखी काही ओझं पडलं तर जे तिशीत व्हायचं ते चोविशीत होतं, आणि ते ओझं बऱ्याचदा शोधता येतं. बी१२ ची कमतरता, थायरॉइड, शरीरात लोहाचा साठा कमी असणं आणि सिगरेट, तरुण वयात आम्ही मुख्यतः ही चार बघतो. तुझ्या बाबतीत माझं बोट पहिल्यावर आहे.

बी१२ झाडं बनवतच नाहीत. तोंडाक, खतखतं, सोलकढी, अळसांदे, हे सगळं चांगलं अन्न आहे, पण त्यात बी१२ नाही. नुस्तं खाणाऱ्या घरात हा प्रश्न सहसा येत नाही, एक बांगडा किंवा वाटीभर तिसऱ्या यात दिवसाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं. शिवराक माणसाला ते मिळतं फक्त दूध, दही, ताक, पनीर यातून. दिवसाची गरज साधारण दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, आणि एक पेला दुधात एकाच्या आसपास, म्हणजे चहात घातलेल्या दुधावर भागत नाही, रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही तरी पाहिजे. तू विचारशील की मग लहानपणापासून शिवराक असून आताच कसं, तर लिव्हरमध्ये बी१२ चा साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता हळूहळू वर येते आणि कधी लागली ते कळतसुद्धा नाही.

यात मेटफॉर्मिन आलं. ही गोळी आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ शोषलं जाण्यात अडथळा आणते, हे डायबेटिसच्या पेशंटमध्ये फार वर्षांपासून माहीत आहे, जितकी जास्त वर्षं आणि जितका मोठा डोस तितकी शक्यता जास्त. डायबेटिसवाले निदान अधूनमधून रक्त तपासतात. पण पीसीओडीसाठी हीच गोळी विशी-पंचविशीच्या मुली घेतात आणि त्यांचं बी१२ बघायचं बऱ्याचदा राहून जातं. आधीच जेवणातून कमी येतंय आणि जे येतंय त्यातलंही पूर्ण शोषलं जात नाही, असं दोन्हीकडून झालं की साठा लवकर संपतो. आता तारखा बघ, डाय आणि मेटफॉर्मिन दोन्ही तू तीन वर्षांपूर्वी, जवळजवळ एकाच काळात चालू केलंस. नजरेसमोर रोज डाय होता म्हणून दोष त्याला गेला. पहिले दहा-बारा केस बहुतेक घराण्याचेच होते, पण नंतर जो वेग वाढला त्यात बी१२ चा हात असायची चांगली शक्यता आहे. अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेत असशील तर तीही यात भर घालते, पत्रात लिहिलेलं नाहीस म्हणून विचारते. आणि एक सांगून ठेवते, हे वाचून मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नको. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना बी१२ बद्दल विचार. गोळी चालू ठेवून बी१२ भरून काढता येतं.

तपासण्या चार सांगते, जास्त नको. बी१२, सीबीसी, टीएसएच आणि फेरिटिन. टीएसएच थायरॉइडसाठी, पीसीओडी असलेल्या मुलींत थायरॉइडचा त्रास बऱ्याचदा जोडीला असतो. फेरिटिन लोहाच्या साठ्यासाठी, सीबीसी रक्तातल्या पेशी बघायला. जवळच्या कुठल्याही लॅबमध्ये होतात, नाहीतर बांबोळीला गोमेकॉच्या स्किन ओपीडीत दाखव, तिथे कातडीही बघतील आणि रक्तही.

रक्त द्यायच्या आधी दोन गोष्टी सांभाळ, कारण इथेच रिपोर्ट फसतात. पहिली म्हणजे केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील, हल्ली सगळ्याच मुली घेतात, तर त्या निदान दोन-तीन दिवस आधी थांबव आणि लॅबला तसं सांग. बायोटिनचा मोठा डोस रक्तात असला की बऱ्याच मशीनवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. (आणि बायोटिनने पांढरे केस काळे होत नाहीत, ते पैसे वाचव.) दुसरी, बी१२ चं इंजेक्शन किंवा मल्टीव्हिटॅमिन आधी चालू करून मग तपासणी करू नको, आकडा फुगलेला येईल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल.

रिपोर्ट वाचताना बी१२ दोनशे पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमी. दोनशे ते तीनशे हा संशयाचा पट्टा, तिथे तुझ्यासारख्या शिवराक आणि मेटफॉर्मिनवर असलेल्या मुलीला मी तरी कमीच धरेन, त्यातून पायांना मुंग्या येणं, जीभ लाल होऊन झोंबणं, जिना चढताना दम लागणं असं काही असेल तर नक्कीच. सीबीसी नॉर्मल आलं म्हणून बी१२ चा नाद सोडू नको. बी१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान होतात, आणि पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या शिवराक मुलीत दोन्ही एकदम कमी असलं की सरासरी बरोबर मधे येते आणि रिपोर्टवर सगळं छान दिसतं. म्हणून मी चारही तपासण्या एकदम करायला सांगते.

कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शन देतील किंवा मोठ्या डोसच्या गोळ्या, एक हजार मायक्रोग्रॅमच्या. मेटफॉर्मिनवर असतानाही गोळ्या चालतात, डोस इतका मोठा असतो की त्यातला थोडासा भाग आपोआप आत जातो आणि तेवढा पुरतो. फक्त मेटफॉर्मिन चालू आहे तोपर्यंत बी१२ ही कुठल्या ना कुठल्या स्वरूपात चालू ठेवावं लागेल, कोर्स संपला आणि विसरलो असं केलं तर वर्ष-दोन वर्षांत परत तिथेच.

आता परत काळे होतील का. जे केस घराण्यामुळे पिकलेत ते पांढरेच राहतील. जे बी१२ किंवा थायरॉइडमुळे लवकर पिकले त्यातले काही परत रंग धरतात, सगळे नाहीत, आणि कोणाचे किती ते आधी सांगता येत नाही. मुळात रंगाच्या पेशींचा साठा शिल्लक असेल तिथेच हे होतं, साठा संपला असेल तिथे नाही. टेन्शनचंही असंच आहे, २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की जबर ताणात मुळातला हा साठा कायमचा संपतो, आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी माणसांचे केस एकेक तपासले तर काही केस ताण कमी झाल्यावर परत रंगीत झालेले सापडले. म्हणजे परतीची वाट काही केसांना असते, थोड्यांना, आणि तीही वेळेत. या कारणासाठी मी तुला रक्त पुढच्या महिन्यात नको, याच आठवड्यात दे म्हणते.

फरक पडतोय का हे तुला डाय लावून कळणारच नाही, म्हणून एक कर. कानाच्या वर, आतल्या थरात, वरचे केस सोडले की झाकलं जाईल अशी रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवड आणि तिथे डाय लावायचं थांबव. पार्लरमध्ये जात असशील तर तिला आधीच सांग, तिथे क्रीम लावून पिन मारून ठेव म्हणावं. बाकी डोक्याला खुशाल लाव. आज तिथला फोटो काढ, भांग पाडून, खिडकीच्या उजेडात, आणि पांढरी मुळं मोज. मग दर दोन महिन्यांनी त्याच जागेचा तसाच फोटो. सहा महिन्यांत तिथे सहा सेंटिमीटर नवा केस आलेला असेल आणि तो सगळं सांगेल. टोक पांढरं आणि मूळ काळं असे केस दिसले तर ते परत आलेले. टोक काळं आणि मूळ पांढरं दिसलं तर पिकणं चालू आहे. पण इथे फसू नको, जुन्या डायचं टोकही काळंच दिसतं, म्हणून आज जिथे डाय संपून तुझा स्वतःचा केस सुरू होतो त्या रेषेच्या खालचा म्हणजे मुळाकडचा भागच धरायचा. संख्या वाढली नाही, तेवढीच राहिली, तर तेही उपचार लागू पडल्याचंच लक्षण समज, सगळ्यांना परत काळे मिळत नाहीत पण वेग थांबणं हे बऱ्याच जणींना मिळतं.

बोअरचं पाणी, समुद्रात पोहणं, एक पांढरा उपटला की दहा येतात, यातलं काही मनावर घेऊ नको. पाण्याने केस रखरखीत होतात, पिकत नाहीत. उपटल्याने त्याच मुळातून परत पांढराच येतो, शेजारच्याला काही होत नाही, फक्त सारखं उपटत राहिलीस तर ते मूळ खराब होऊन केसच यायचा बंद होऊ शकतो. माक्याचं तेल, जास्वंदीचं तेल आई लावते तर लावू दे, केस मऊ राहतात.

चवथीला पाहुणे येणार म्हणून नवीन ब्रँड घेणार असशील तर आदल्या दिवशी नको. निदान अठ्ठेचाळीस तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून तसाच राहू दे, खाज-लाली काही नाही तरच डोक्याला. हे दर वेळी, तोच ब्रँड पाच वर्षं लावत असलीस तरीही, कारण पीपीडीची अ‍ॅलर्जी कितीतरी वेळा लावून झाल्यावरही अचानक उठते. आणि पाकिटावर तीस मिनिटं लिहिलं असेल तर तीसच, पांढरा नीट झाकावा म्हणून तासभर ठेवलास तर रंग जास्त चढत नाही, कातडी मात्र भाजते.

रिपोर्ट आले की आकडे पाठव, फेरिटिनचा आकडा विसरू नको, लॅबवाले बऱ्याचदा त्याच्याऐवजी नुसतं हिमोग्लोबिन करून देतात.